भांडण षष्ठातलं, सप्तमातलं नव्हे

“आक्का, मी शहापूरची. लग्नाला चार वर्षं झाली. हे उद्यमबागेत फाउंड्रीत सेकंड शिफ्टला. रात्री अकराला येतात, तोवर मी न जेवता थांबते, आणि ताटावरच रोज कटकट. ह्यांना पित्त, मला डोकेदुखी. दोघांच्याही सहाव्या घरात पापग्रह आहे, संसार टिकायचा नाही, शांत करून घ्या असं एका ज्योतिषांनी सांगितलं. दोन्ही पत्रिका पाठवल्यात.”

ताई, पापग्रह आहेत, खरं. पण सहावं घर हे उपचय स्थान. तिसरं, सहावं, दहावं, अकरावं या घरांत शनी-मंगळ वय वाढेल तशी बरी फळं देतात, असंच शास्त्र मानतं. तुम्हाला घाबरवलं ते बहुतेक दुसऱ्या नियमावरून: षष्ठ हे सप्तमापासून बारावं, म्हणजे संसाराचं व्ययस्थान. पण तो दोष धरायला आधी सप्तमेश षष्ठात बसलेला हवा. तुमचं कन्या लग्न, सप्तमेश गुरू तुळेत, दुसऱ्या घरात. त्यांचं वृश्चिक लग्न, सप्तमेश शुक्र मीनेत, उच्चीचा. दोघांपैकी एकही षष्ठात नाही.

कटकट मात्र स्पष्ट दिसते. १९९४चा तुमचा जन्म, शनी कुंभेत, षष्ठात, स्वगृही. अशी बाई सेवा मन लावून करते आणि तिचा हिशेबही मनात ठेवते. उपाशी थांबणं हा त्यातलाच प्रकार. कुणी सांगितलेलं नसतं, पण उधारी चढत जाते. त्यांचा मंगळ मेषेत, षष्ठात, आणि लग्नेशही तोच. म्हणजे भांडण स्वतःच अंगावर घ्यायचं आणि जिंकल्याशिवाय सोडायचं नाही. त्यात तुमच्या शनीची तिसरी दृष्टी पडते मेषेवर, थेट त्यांच्या मंगळावर, आणि दहावी त्यांच्या लग्नावर. तुम्ही तोंडातून शब्द न काढता घड्याळाकडे बघितलंत तरी त्यांना ते झोंबतं.

मंगळ पित्ताचा कारक, पण रात्री साडेअकराला झणझणीत आमटी-भाकरी खाऊन लगेच आडवं झालं तर कुणाच्याही छातीत जळजळेल, त्याला मंगळ कशाला हवा? भाकरी-भाजी डब्यात द्या, आठच्या सुट्टीत त्यांनी ती खावी. घरी आल्यावर ताक-भात पुरे. तुम्ही नऊला जेवून घ्या. डोकेदुखी निम्मी उपाशीपणाची असणार. पहिले काही दिवस ते “माझ्यासाठी थांबली नाहीस?” म्हणून फणकारतील. तेव्हा उत्तर देऊ नका, ताक-भात पुढे ठेवा. विषय निघालाच तर सुट्टीच्या दिवशी, दुपारी.

दोन आठवड्यांत जळजळ कमी झाली नाही, वजन उतरलं किंवा शौच काळं झालं तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. काळं शौच दिसलं तर त्याच दिवशी. शांतीसाठी काढून ठेवलेले पैसे तिथं लागतील.