केलेलं काम, करणारा माणूस आणि ‘जो-तो’

“मी इंदूरला वाढलो. ‘केलेला काम’ म्हटलं की पुण्याची मावशी हसते. काय चुकतं? आणि ‘जे काम मी केलं ते’ असं लांबण लावण्याऐवजी दर वेळी ‘-लेला’ किंवा ‘-णारा’ लावून भागतं का?”

मावशी लिंगाला हसते. काम नपुंसकलिंगी, म्हणून केलेलं काम, लेखी भाषेत केलेले काम. चूक केलेली, उपद्व्याप केलेला. पुढे विभक्ती आली की तिन्हींचं ‘केलेल्या’ होतं: केलेल्या कामाचे पैसे, केलेल्या चुकीची शिक्षा.

भागतं का, तर बरेचदा भागतं. पण दोन्ही प्रत्ययांची धाव सारखी नाही. ‘-णारा’ फक्त कर्त्याला चिकटतो. ‘जो मुलगा पुस्तक वाचतो तो’ याचं ‘पुस्तक वाचणारा मुलगा’ सहज होतं. उलट ‘मी वाचणारं पुस्तक’ म्हटलं, तर पुस्तकच वाचायला बसल्यासारखं वाटतं. तिथे ‘मी वाचत असलेलं पुस्तक’ म्हणावं लागतं, किंवा पुढचा बेत असेल तर ‘वाचणार असलेलं’. मला स्वतःला हा ‘असलेलं’ जड वाटतो. बोलताना आपण ‘मी वाचतोय ते पुस्तक’ म्हणून मोकळे होतो. ‘जे’ गाळलं तरी ‘ते’ काम भागवतं.

‘-लेला’ मात्र बराच सैल आहे. अकर्मक क्रियापदात तो कर्त्याला लागतो (पडलेलं झाड), सकर्मकात बहुधा कर्माला, आणि मग करणारा सहसा ‘ने’ घेऊन येतो. ‘वाघाने मारलेला शिकारी’ आणि ‘वाघ मारलेला शिकारी’ यांत कोण जिवंत आहे, ते त्या एका ‘ने’वर ठरतं. दुसरा प्रयोग काहींच्या कानाला खटकेल, ते ‘वाघ मारणारा’ म्हणतील. पण अंगावर घालण्याच्या क्रियापदांत असा प्रयोग कुणालाच खटकत नाही: ‘त्याने घातलेली टोपी’ जितकी सरळ, तितकाच ‘टोपी घातलेला माणूस’.

याहून पुढे जाऊन, ‘ज्या खुर्चीचा पाय मोडलाय ती’ याचं ‘पाय मोडलेली खुर्ची’ होतं आणि ‘ज्या सुरीने कांदा कापला ती’ याचं ‘कांदा कापलेली सुरी’. म्हणजे ‘चा’ आणि ‘ने’ गळून पडले तरी ऐकणारा ते मनात भरून घेतो, कारण पाय खुर्चीचाच असतो आणि कांदा सुरीनेच कापतात. जिथे असा अंदाज बांधता येत नाही, तिथे ‘-लेला’ थांबतो. ‘ज्याच्याबरोबर मी आलो तो मित्र’ याचं ‘मी आलेला मित्र’ करून मावशीला ऐकवू नका. तिथे ‘ज्याच्याबरोबर’ला पर्याय नाही.