जप्त झालेले शेअर अजून विकले गेलेत का, हे आधी विचारा

प्रश्न: माझे ४०० पार्टली पेड, म्हणजे अर्धेच पैसे भरलेले, शेअर कंपनीने जप्त केले. सदाशिव पेठेतून वाकडला राहायला आल्यामुळे कॉलची, म्हणजे उरलेले पैसे भरायच्या मागणीची, नोटीस मला मिळालीच नाही. भरलेले २०,००० रुपये गेले का? आणि वर कंपनी उरलेले २०,००० मागते आहे, हे चालतं का?

उत्तर: भरलेले पैसे कंपनी परत देत नाही आणि उरलेल्या रकमेची मागणीही तिला करता येते. तरीही लगेच हार मानू नका. तुमचे शेअर अजून कुणाला विकले नसतील तर ते परत मिळवता येतात, म्हणून आजच कंपनी सेक्रेटरीला तेवढं एक लेखी विचारा. मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कंपनीत सेक्रेटरीचं काम बरीच वर्षं केलं आहे आणि अशा नोटिसा स्वतः लिहिल्या आहेत.

नोटीस मिळाली नाही हा मुद्दा एकटा टिकत नाही. कंपनी नोंदीतल्या पत्त्यावर पाठवते, आणि डीमॅट शेअरसाठी तो पत्ता तुमच्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे डीमॅट खातं असलेल्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, असतो. तिथे सदाशिव पेठच राहिली असेल तर चूक कंपनीची ठरत नाही.

पण त्या नोटिशीत काय लिहिलं होतं, हे मात्र बारकाईने पाहा. कंपनी कायद्याच्या तक्ता एफमधले नमुना नियम बहुतेक कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत, थोड्याफार फरकाने असतात. त्यानुसार कॉल भरायला किमान १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. ती मुदत चुकली की लगेच जप्ती करता येत नाही. आणखी एक नोटीस द्यावी लागते. त्यात पुढची तारीख असते, नोटीस बजावल्यापासून १४ दिवस उलटायच्या आतली नाही, आणि त्या तारखेपर्यंत पैसे न आल्यास शेअर जप्त होऊ शकतील असं स्पष्ट लिहावं लागतं. ती तारीख गेल्यावर बोर्डाने ठराव करायचा असतो. ठराव नाही तर जप्तीही नाही.

या बाबतीत न्यायालयं कडक आहेत. पब्लिक पॅसेंजर सर्व्हिस विरुद्ध खादर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जप्ती रद्द ठरवली, कारण व्याज आणि खर्च मिळून नेमके किती भरायचे हे नोटिशीवरून भागधारकाला कळत नव्हतं. म्हणून दोन्ही नोटिशींच्या आणि बोर्डाच्या ठरावाच्या प्रती मागा. दोष दिसला तर कलम ५९ खाली सभासद नोंदवही दुरुस्त करण्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई खंडपीठाकडे जाता येतं.

नोटीस बिनचूक असली तर दुसरा रस्ता असा. विक्री होईपर्यंत बोर्ड जप्ती रद्द करू शकतं. हा तुमचा हक्क नाही, बोर्डाच्या मर्जीची गोष्ट आहे, पण नीट अर्ज केला तर बोर्डं ऐकतात. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेचा अर्ज आला होता, पत्ता बदलल्याचा पुरावा आणि कॉल व व्याज मिळून पूर्ण रकमेचा चेक जोडून. बोर्डाने एकाच बैठकीत जप्ती मागे घेतली. तुमच्या बाबतीत कॉल २०,००० रुपयांचा. दर वर्षाला १० टक्के आणि उशीर सहा महिन्यांचा धरला तर व्याज १,००० रुपये. म्हणजे २१,००० चा चेक अर्जासोबतच द्या, नुसतं ‘भरायला तयार आहे’ असं लिहू नका.

शेअर विकले गेल्यावर चित्र बदलतं. घेणाऱ्याला कंपनीच्या संचालकाचं किंवा सेक्रेटरीचं जप्तीबद्दलचं प्रमाणित निवेदन पुरेसं असतं. जप्तीच्या प्रक्रियेतली चूक त्याच्या मालकीला बाधत नाही. समजा १४० च्या भावाने ५६,००० रुपये आले. त्यातली जादा रक्कमही तुम्हाला मिळत नाही. कंपनीने आपल्या धारणाधिकाराखाली, म्हणजे लीनखाली, शेअर विकले असते तर तिचं येणं वळतं करून उरलेले पैसे तुम्हाला द्यावे लागले असते. जप्तीत तशी तरतूद नाही. माझ्या मते भागधारकाला सर्वात जास्त झळ इथेच बसते.

आता उरलेल्या २०,००० बद्दल. जप्तीच्या दिवशी जे देणं होतं ते सभासदत्व गेल्यावरही तुमच्यावर राहतं, म्हणून ही मागणी बेकायदा नाही. पण त्या शेअरवरची सगळी येणी कंपनीला पूर्ण मिळाली की तुमची जबाबदारी संपते, असंही तक्ता एफ सांगतो. त्यामुळे शेअर विकून तेवढी रक्कम आलेली असेल, तर कंपनीला दुसऱ्यांदा तुमच्याकडून वसुली करता येऊ नये. म्हणून शेअर विकले गेले असतील तर आधी विक्रीचा हिशेब मागा. त्याआधी एक रुपयाही पाठवू नका, आणि मागणीपत्राला ‘हिशेब मिळाल्यावर उत्तर देईन’ असं लेखी कळवून पोच जपून ठेवा.