व्यवसाय कर चुकून कापला गेला, तर पत्र असं लिहा

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. पुरुषांची सूट 7,500 ला संपते, म्हणून पेरोलच्या नोंदीत ‘पुरुष’ पडलं की तुमचे 200 रुपये गुपचूप जातात. आधी ते तपासायला सांगा.

तक्रारीआधी प्रत्येक महिन्याचा एकूण पगार बघा, हातात आलेला नव्हे. समजा एप्रिल आणि मे 23,800, जूनमध्ये ओव्हरटाइम धरून 25,600. मग जूनची कपात बरोबरच आहे. तीही मागितलीत तर सगळं पत्रच मागे पडतं.

मजकूर एवढा पुरे:

“माझ्या एप्रिल व मेच्या पेस्लिपमध्ये व्यवसाय कर 200 रुपये दाखवला आहे. दोन्ही महिन्यांचा एकूण पगार 23,800 असल्याने कर शून्य हवा. जास्तीची कपात: 200 + 200 = 400 रुपये. जूनची कपात मान्य आहे. कृपया 400 रुपये पुढील पगारात जमा करावेत व माझी नोंद दुरुस्त करावी. दोन्ही पेस्लिप जोडल्या आहेत.”

कर्मचारी क्रमांक विषयाच्या ओळीतच टाका. ‘अन्याय’, ‘फसवणूक’ वगैरे शब्द नकोत. वाचणारा कारकून आकडेच शोधत असतो. नोंद दुरुस्त करायचं वाक्य मात्र गाळू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा 200 जातील.