महामार्गाचा आवाज आणि कापलेले गुण

“माझा मुलगा बारावीत असून जेईईची तयारी करतो. क्लासच्या चाचणीत ‘लांब रेषीय स्रोताच्या तरंगाचा आयाम अंतरानुसार कसा बदलतो’ या प्रश्नाला त्याने 1/√r असे उत्तर दिले, उत्तरसूचीत 1/r होते. चूक मान्य करायची सोडून तो घरामागच्या माळावर मोबाईलने महामार्गाचा आवाज मोजत बसला. 15, 30 आणि 60 मीटरवर 74, 71, 68 डेसिबल आले, म्हणून आपलेच बरोबर, असे म्हणतो. मी ते ॲप काढून टाकले. हा नाद कसा सोडवावा?”
– एक पालक, सातारा

महोदय,

आपल्या चिरंजीवांचे उत्तर बरोबर आहे आणि उत्तरसूची चुकलेली आहे. मला गुणांपेक्षा अधिक खटकले ते हे, की छापील उत्तर आणि मोजमाप यांचा मेळ बसेना तेव्हा आपण मोजमापाचे साधनच काढून घेतले. उत्तरसूची एकदा तपासून पाहावी, असे घरात कोणालाच वाटले नाही?

ही चूक सर्रास होते, म्हणून ती नीट पाहू. बिंदूसारख्या स्रोतातून निघालेली ऊर्जा वाढत जाणाऱ्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरते. ते क्षेत्रफळ 4πr² असल्यामुळे तीव्रता 1/r² प्रमाणे घटते. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून आयाम 1/r प्रमाणे घटतो. लांब सरळ स्रोताची ऊर्जा मात्र वृत्तचितीच्या बाजूच्या पृष्ठभागावर, म्हणजे 2πrL इतक्या क्षेत्रफळावर पसरते. तिथे 1/r प्रमाणे घटते ती तीव्रता, आणि आयाम घटतो 1/√r प्रमाणे. उत्तरसूची करणाऱ्याने एक तर आयामाच्या जागी तीव्रता लिहिली किंवा गोलीय तरंगाचे सूत्र तसेच उचलले. अंतर दुप्पट झाले की बिंदुस्रोताचा आवाज 6 डेसिबलने उतरतो, रेषीय स्रोताचा 3 डेसिबलने. सूचीतला 1/r खरा असता, तर मुलाला 74, 68, 62 असे आकडे मिळायला हवे होते.

आपण म्हणाल, प्रत्येक ट्रक हा बिंदुस्रोतच आहे, मग रस्ता रेषीय कसा? शंका रास्त आहे. एकटा ट्रक समोरून जाताना त्याचा सर्वांत मोठा आवाज 15 मीटरवर जितका येतो, त्याहून 30 मीटरवर 6 डेसिबलने कमीच येईल. परंतु दुप्पट अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला तोच ट्रक दुप्पट वेळ ऐकू येत राहतो, कारण तो लांबून येतो आणि लांबवर जातो. या दुप्पट वेळेचे 3 डेसिबल परत मिळतात आणि सरासरी आवाज 3 डेसिबलनेच उतरतो. वेगवेगळ्या वाहनांचे तरंग एका तालात नसल्यामुळे त्यांचे आयाम नव्हे, तर तीव्रता बेरजेला येतात, तरी सरासरीचा नियम तोच राहतो. यावरून असे दिसते की आपल्या मुलाने क्षणिक आकडा न घेता काही मिनिटांची सरासरी घेतली असावी. त्याला विचारून पाहावे. हो म्हणाला, तर त्याला मोजमाप म्हणजे काय ते कळलेले आहे.

मोबाईलचा आकडा प्रमाणित मापकाइतका विश्वासार्ह नसतो. 74 म्हणजे नेमके 74, असे मानू नये. तरीही त्याच मोबाईलने त्याच वेळी घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक बऱ्यापैकी भरवशाचा असतो, आणि इथे उपयोग फरकाचाच आहे. अंतर कुंपणापासून न मोजता वाहतुकीच्या पट्ट्यांच्या मध्यापासून मोजावे, नाही तर जवळच्या जागी फरक चुकतो. जमीन नांगरलेली किंवा गवताळ असेल, तर ती थोडा आवाज शोषते आणि घट 3 हून अधिक, साधारण साडेचार डेसिबलपर्यंत येते. कडक माळावर असे फारसे होत नाही.

उत्तरसूचीबद्दल क्लासला मुलानेच दोन ओळी लिहून द्याव्यात: 2πrL हे क्षेत्रफळ आणि तीव्रता आयामाच्या वर्गाशी बांधलेली. माळावरचे आकडे त्यात घालू नयेत, कारण परीक्षेचा प्रश्न आदर्श स्रोताबद्दल होता. जेईई द्यावीच, सोबत मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा, म्हणजे आयसरची आयएटी आणि नेस्ट, यांचेही अर्ज भरावेत. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

ॲप मात्र आजच परत द्यावे, कारण त्याचे काम अर्धेच झाले आहे. 1/√r हा नियम रस्ता अंतराच्या मानाने खूप लांब असेपर्यंतच टिकतो. टेकडीमुळे किंवा वस्तीमुळे महामार्गाचा केवळ 200 मीटरचा तुकडा उघडा असेल, तर 500 मीटरच्या पुढे तोच तुकडा बिंदूसारखा वागू लागतो आणि अंतर दुप्पट झाल्यावर 6 डेसिबल उतरतात. आपल्या माळावरून रस्ता किती लांब दिसतो ते आधी पायी फिरून पाहावे आणि 120 व 240 मीटरवर किती डेसिबल येतील याचा अंदाज वहीत लिहून मगच मोजावे. इतक्या दूर वारा आणि इतर आवाज मिसळतात, म्हणून हे काम वारा पडलेला असताना, वाहतूक भरपूर असलेल्या वेळी करावे. टेपचे दुसरे टोक धरायला आपण सोबत गेलात, तर त्याला एकट्याने अंतर मोजण्याची कसरत करावी लागणार नाही.