‘सोयीचा झेंडा’ आणि ‘लायबेरियाचं जहाज’

प्रश्न : बातम्यांत ‘लायबेरियाचं जहाज’, ‘पनामाचं जहाज’ असं येतं, पण मालक आणि खलाशी भलत्याच देशांचे असतात. ‘फ्लॅग ऑफ कन्व्हिनियन्स’ म्हणतात ते हेच का? मराठीत काय म्हणावं? आणि झेंडा कुठलाही असला तरी खलाशांना काय फरक पडतो?

उत्तर : बहुतेक वेळा तेच. ‘सोयीचा झेंडा’ हा शब्द चालण्यासारखा आहे, पण त्यात एक शेरा दडलेला आहे, हे ध्यानात ठेवून वापरावा. ज्या देशाशी मालकाचा, धंद्याचा किंवा खलाशांचा काही संबंध नाही, त्या देशात जहाजाची नोंदणी करणं, असा त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ म्हणजे आयटीएफ 1948 पासून या प्रथेविरुद्ध मोहीम चालवतो आहे, आणि कुठल्या देशाचा झेंडा ‘सोयीचा’ हे ठरवणारी त्याची स्वतःची यादी आहे. म्हणजे हा शब्द मुळात कामगार चळवळीच्या तोंडचा. जहाजमालक आणि नोंदणी कार्यालयं याच गोष्टीला ‘खुली नोंदणी’ म्हणतात. परदेशी मालकालाही नोंदणी खुली आहे, एवढंच त्यातून कळतं. बातमी लिहिणाऱ्यानं ‘खुली नोंदणी’ लिहावं. टीका करायची असेल तर ‘सोयीचा झेंडा’ आहेच.

‘लायबेरियाचं जहाज’ हा प्रयोग मात्र वाचकाची दिशाभूल करतो. ‘लायबेरियात नोंदलेलं जहाज’ म्हणावं. गाडीचं पासिंग एकीकडचं आणि मालक दुसरीकडचा असतो, त्यातलाच हा प्रकार, पण पुष्कळ ताणलेला. नोव्हेंबर 2002 मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यापुढे ‘प्रेस्टीज’ हे तेलवाहू जहाज दुभंगून बुडालं. ते बांधलं जपानमध्ये, झेंडा बहामाचा, मालक म्हणून नाव लायबेरियातल्या कंपनीचं, चालवणारे ग्रीक, कॅप्टन ग्रीक, बहुतेक खलाशी फिलिपिनो आणि सुस्थितीचा दाखला देणारी वर्गीकरण संस्था अमेरिकन. आता हे जहाज कोणाचं? कायद्याचं उत्तर एका शब्दात येतं : बहामाचं. जहाजाच्या पिछाडीवर नावाखाली नोंदणीच्या बंदराचं नाव रंगवलेलं असतं. तिथे लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया लिहिलेलं जहाज बहुधा उभ्या आयुष्यात मोनरोव्हियाला गेलेलं नसतं, आणि लायबेरियाच्या नोंदणीचा कारभारही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून चालतो. मार्शल बेटांचंही तसंच. हे सगळं कायदेशीर आहे.

झेंडा म्हणजे डोलकाठीवरचं कापड नव्हे, हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा गाभा. खोल समुद्रात कुठल्याच देशाचं पोलीस ठाणं नसतं. तिथे जहाजावर कायदा चालतो तो ज्या देशात नोंदणी आहे त्याचा. या देशाला मराठीत ‘ध्वजदेश’ म्हणता येईल. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारातल्या 94 व्या कलमात ध्वजदेशाची कर्तव्यं सांगितली आहेत. जहाज समुद्रात जाण्याजोगं आहे की नाही हे नोंदणीआधी आणि नंतरही ठराविक काळानं लायक सर्व्हेअरकडून तपासून घ्यायचं, पुरेशी आणि शिकलेली माणसं त्यावर आहेत हे पाहायचं, कामाच्या अटींवर लक्ष ठेवायचं आणि गंभीर अपघात झाला तर चौकशी करायची. त्याआधीचं 91 वं कलम म्हणतं की देश आणि जहाज यांच्यात ‘खरा संबंध’ हवा. मात्र खरा संबंध कशाला म्हणायचं, हे करारात कुठेच सांगितलेलं नाही. सगळी मोकळीक तिथून आली. 1999 मध्ये समुद्रकायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं ‘सायगा’ या जहाजाच्या खटल्यात सांगितलं की या अटीचा हेतू ध्वजदेशानं कर्तव्यं नीट पार पाडावीत हा आहे. संबंध पातळ आहे म्हणून दुसऱ्या देशानं नोंदणीच नाकारावी, यासाठी ती अट नाही.

प्रत्यक्षात ध्वजदेश ही तपासणी बहुतेक स्वतः करत नाही. जगभरच्या बंदरांत माणसं ठेवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून ते काम वर्गीकरण संस्थांकडे सोपवलं जातं. त्यात गैर काही नाही, मोठमोठे सागरी देशही तेच करतात. फरक पडतो तो नेमलेल्या संस्थेवर ध्वजदेश लक्ष ठेवतो का, यानं. वर्गीकरण संस्थेची फी जहाजमालक भरतो. एका संस्थेनं कडक दुरुस्ती सांगितली की मालक दुसरीकडे जातो, आणि ध्वजदेशानं अडवलं की झेंडाच बदलतो. नोंदणीच्या फीवर जगणाऱ्या कार्यालयाला गिऱ्हाईक घालवणं जड जातं. कर कमी आणि खलाशी कुठलेही नेमायची मुभा ही मालकाची उघड सोय झाली. झेंडा बदलून कटकट टाळता येणं ही न सांगितलेली सोय.

आता खलाशांचं. यासाठी ‘रोसस’ हे जहाज पाहावं. बैरूतच्या स्फोटामुळे त्याचं नाव सगळ्यांना कळलं, पण त्याआधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. झेंडा मोल्दोव्हाचा. या देशाला समुद्रकिनाराच नाही, नदीमार्गे समुद्राला जायची जेमतेम वाट आहे. 2013 च्या सप्टेंबरात रोसस जॉर्जियातल्या बाटुमीहून 2,750 टन अमोनियम नायट्रेट घेऊन मोझांबिकला निघालं. सुएझ कालव्याचे पैसे भरायला हवेत म्हणून जादा माल घ्यायला नोव्हेंबरात बैरूतला वळलं. अवजड यंत्रं वर चढवताना मालाच्या कोठारांची झाकणं वाकायला लागली. बंदराच्या तपासनिसांनी दोष काढून जहाज अडकवलं, बंदराची देणी थकली, सावकारांनी जप्ती आणली आणि मालकानं अंग काढून घेतलं. बरेचसे खलाशी घरी गेले, पण कॅप्टन आणि आणखी तिघांना जहाजावरच थांबवलं गेलं. रिकामं जहाज बंदरात ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून किमान माणसं सोडत नाहीत. पगार नाही, खायला बंदराकडून मिळेल ते. कॅप्टननं जहाजातलं इंधन विकून वकिलाचे पैसे भागवले. 2014 च्या ऑगस्टच्या सुमारास त्यांची सुटका झाली. माल 12 नंबरच्या गोदामात गेला आणि 4 ऑगस्ट 2020 ला त्याचा स्फोट होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. खुद्द जहाज 2018 मध्येच बैरूतच्या बंदरात बुडालं होतं.

यात ध्वजदेश कुठे येतो? खलाशांसाठीचा सागरी श्रम करार, म्हणजे एमएलसी 2006, ऑगस्ट 2013 मध्ये अंमलात आला. त्यात घरी पोचवण्याच्या जबाबदारीची उतरंड स्पष्ट आहे. पहिला मालक. त्यानं हात वर केले तर ध्वजदेश. त्यानंही नाही केलं तर बंदराचा देश किंवा खलाशी ज्या देशाचा आहे तो देश माणसाला घरी पाठवू शकतो आणि खर्च ध्वजदेशाकडून वसूल करू शकतो. शेवटच्या दोघांसाठी ‘शकतो’ आहे, पहिल्या दोघांसाठी ‘केलंच पाहिजे’. म्हणून मालक ही फक्त कागदावरची कंपनी असली की खलाशाला सगळी भिस्त ध्वजदेशावर ठेवावी लागते, आणि तिथून उत्तर आलं नाही तर तो बंदराच्या दयेवर उरतो.

अशाच प्रकरणांमुळे करारात दुरुस्ती झाली, ती 18 जानेवारी 2017 पासून लागू आहे. तिच्यानुसार मालकाला विमा किंवा तत्सम हमी घ्यावी लागते आणि तिचा दाखला सगळ्यांना दिसेल असा जहाजावर लावावा लागतो. थकलेल्या पगारापैकी चार महिन्यांपर्यंतचा पगार, घरी जाण्याचा खर्च आणि घरी पोचेपर्यंत अन्न, पाणी, इंधन, औषधपाणी एवढं तिच्यात येतं. दोन महिने पगार थकला आणि मालकानं खलाशांशी संबंध तोडल्याचं दिसलं की त्यांना ‘वाऱ्यावर सोडलेलं’ मानता येतं. मर्यादाही इथेच आहे : आठ महिने थकले असतील तर हमीतून चारच मिळतात, बाकीच्यासाठी जहाज जप्त करून लिलावाची वाट पाहावी लागते. म्हणून जाणकार सांगतात की तिसरा महिना उजाडायच्या आत दाखल्यावरच्या विमा कंपनीला आणि आयटीएफच्या निरीक्षकाला कळवावं. विमा बंद करायचा तर कंपनीनं किमान तीस दिवस आधी ध्वजदेशाला कळवायचं असतं. ती नोटीस कार्यालयात नुसती पडून राहिली तर खलाशाला पत्ताच लागत नाही.

यावरून सगळे सोयीचे झेंडे वाईट, असा अर्थ काढू नये. बंदरांत आलेल्या जहाजांची तपासणी करून ध्वजदेशांना पांढऱ्या, करड्या आणि काळ्या यादीत घालण्याचं काम मुख्यतः युरोपातल्या देशांनी केलेला 1982 चा पॅरिस समझोता करतो. लायबेरिया, मार्शल बेटं, बहामा हे आयटीएफच्या यादीतले झेंडे तिथे वर्षानुवर्षं पांढऱ्या यादीत दिसतात. रोससच्या वेळचा मोल्दोव्हा काळ्या यादीत होता. म्हणजे ‘सोयीचा’ हा शब्द एक गोष्ट सांगतो आणि यादीचा रंग दुसरी. नोकरी घेणाऱ्यानं रंग आधी पाहावा.

जहाज ओळखायचं तर नाव किंवा झेंडा यांवर विसंबू नये, दोन्ही बदलतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा, सात आकड्यांचा क्रमांक जन्मभर तोच राहतो. तो खरा आहे का, हे कागदावर तपासता येतं : पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 नं गुणून बेरीज करायची, तिचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. रोससचा क्रमांक 8630344. बेरीज 56 + 36 + 15 + 0 + 9 + 8 = 124, शेवटचा आकडा 4, जुळला. क्रमांक कळला की ‘इक्वासिस’ या संकेतस्थळावर जहाजाचे जुने झेंडे आणि अटकावाची नोंद फुकट पाहता येते. दोनतीन वर्षांत तीन झेंडे आणि दोन वर्गीकरण संस्था बदललेल्या दिसल्या तर विचार करावा.

‘सोयीचा’ आणि ‘खोटा’ यांची मात्र गल्लत करू नये. नोंदणी झालेलीच नसताना एखाद्या देशाचा झेंडा लावणं ही फसवणूक आहे, तिला ‘बनावट झेंडा’ म्हणावं. सागरी करारात ‘सोयीनुसार’ हा शब्द 92 व्या कलमात येतो तोही वेगळ्याच संदर्भात : दोन किंवा जास्त देशांचे झेंडे सोयीनुसार आलटून पालटून लावणारं जहाज कुठल्याच देशाचं नाही असं मानता येतं, आणि त्याला कोणत्याच झेंड्याचं संरक्षण मागता येत नाही.