गाउटची गोळी सुरू करताना

अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत पायाचा अंगठा पुन्हा सुजला, तर गोळी बाधली असे समजून ती बंद करू नका. सांध्यात साठलेले युरिक आम्लाचे स्फटिक विरघळू लागले की असे झटके येतात, म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन देतात. सहसा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने आरंभ करून, रक्तातील युरिक आम्ल दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत ती हळूहळू वाढवली जाते. डाळ, पालक सोडण्याची गरज बहुधा नसते; बिअर, कलेजी आणि तारली मात्र खरोखर त्रास देतात. अंगावर पुरळ उठल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि सुजलेल्या सांध्यासोबत थंडीताप आल्यास, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो म्हणून, तातडीने रुग्णालय गाठा.