गोळ्यांनी सुस्त झालाय, बंद करू का?

"ताई नमस्कार. मुलगा 27 वर्षांचा आहे, 3 वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. गोळ्या सुरू झाल्यापासून आवाज येणं, शेजाऱ्यांवर संशय घेणं सगळं थांबलं, पण आता दिवसभर पडून असतो, आंघोळीला दहादा सांगावं लागतं. ह्यांची रोज चिडचिड, आयतं खातोय म्हणतात. गणपतीला मुंबईची 18 माणसं येणार. भावोजी म्हणतात गोळ्यांनीच सुस्त झालाय, महिनाभर बंद करून बघा. काय करू? – एक आई, गुहागर तालुका"

वहिनी, गोळ्या बंद करू नका. भावोजी वाईट हेतूने बोलत नाहीयेत आणि गोळ्यांनी सुस्ती येते हेही खरंय, पण "महिनाभर बंद करून बघा" यातच मोठी फसगत आहे. गोळी थांबवली की आजार बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी उलटत नाही, उलट सुरुवातीचे काही आठवडे मुलगा जरा तरतरीत वाटू शकतो, सकाळी लवकर उठतो, चार शब्द बोलतो, मग घरात सगळे म्हणतात बघा, सांगितलं नव्हतं का. आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, झोप उडते, खिडक्या बंद व्हायला लागतात, आणि तोवर चाकरमानी मुंबईला जाऊन पोचलेले असतात, निस्तरायला तुम्ही दोघंच. 2012 मध्ये 65 चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला होता, त्यात वर्षभरात गोळी चालू असलेल्या शंभरातल्या साधारण 27 जणांचा आजार उलटला आणि बंद केलेल्यांपैकी 64 जणांचा. म्हणजे गोळी घेऊनही काहींचा उलटतो, पण बंद करण्यातला धोका दुपटीहून जास्त.

आता पडून राहण्याचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं, कारण हे नेमकं कशामुळे ते घरच्यांनाच आधी दिसतं, डॉक्टर तर त्याला दहा मिनिटं बघणार. चार-पाच दिवस नुसतं निरीक्षण करा. गोळीची गुंगी असेल तर सकाळी डोळे उघडत नाहीत, डोकं जड, पण दुपारनंतर उतरते, आणि डोस वाढवला किंवा गोळी बदलली तेव्हापासून सुरू झालेली असते. चालताना हात हलत नाहीत, चेहरा लाकडासारखा, हाताला कंप, तोंडातून लाळ, असं असेल तर तोही गोळीचाच परिणाम, आणि लांबून तो अगदी आळसासारखा दिसतो. या दोन्हींवर डॉक्टर डोस कमी करणं, वेळ बदलणं, दुसरी गोळी देणं असं बरंच काही करू शकतात, म्हणून भावोजींचं म्हणणं तसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला, फक्त निर्णय त्यांना घेऊ दे.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द आजार. पोरगा टक्क जागा असतो पण काही सुरूच करू शकत नाही, बोलणं कमी, आवडीची गोष्ट समोर ठेवली तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. आठवून बघा, आवाज येण्याच्या आधीच्या वर्षात त्याने मित्रांकडे जाणं सोडलं होतं का, अभ्यास किंवा काम सुटलं होतं का? तेव्हा तर गोळी नव्हतीच ना! आवाज आणि संशय गोळीने जातात, हा भाग मात्र गोळीने फारसा हलत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की आजार बरा झाला आणि आता उरलाय तो आळस. (रडत असेल, मी ओझं झालोय, जगून काय करू असं बोलत असेल तर ते वेगळं, त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, आणि जिवाला धोका दिसत असेल तर त्याला एकटं न सोडता सरळ हॉस्पिटल.)

मी ज्या घरांत जाते त्यातलं एक सांगते, असाच मुलगा, 30 च्या आतला. आई दिवसभर दारातून ओरडायची, "अजून उठला नाहीस?" आम्ही ठरवलं की हे वाक्य बंद आणि रोज सकाळी साडेनऊला एकच काम, आईच्या सोबत बसून. आईने सूप पुढ्यात ठेवलं, दहा सुपाऱ्या त्याच्या बाजूला, दहा स्वतःच्या, आणि फक्त म्हणाली, "चल, एवढ्या सोलूया." पहिल्या दिवशी त्याने दोन सोलल्या आणि उठून गेला. ती काही बोलली नाही, उरलेल्या तशाच ठेवल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी दहा झाल्या. दीड महिन्याने तो साडेनऊला आपणहून येऊन बसायला लागला, आंघोळ मात्र अजून दिवसाआड, आणि आम्ही तिथेच थांबलो, कारण आंघोळ, सुपारी आणि भाजी आणणं एकदम लादलं असतं तर तिन्ही गेलं असतं. काम छोटं, वेळ तीच, कोणीतरी सोबत, आणि झाल्यावर एक साधं वाक्य, "बरं झालं, माझं काम हलकं झालं."

दादांना एक गोष्ट वाचून दाखवा. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या शेवटी बघितलं की हॉस्पिटलमधून सुटलेल्या पेशंटचं पुढे काय होतं ते कोणाच्या घरी गेले यावरही अवलंबून असतं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की ज्या घरात टोचून बोलणं, राग किंवा सतत पाठीमागे लागणं जास्त, तिथे आजार जास्त वेळा उलटतो, आणि अशा घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर बसणं असेल तर आणखीच. 35 तास म्हणजे दिवसाला पाच. आजार घरच्यांमुळे होतो असा याचा अर्थ अजिबात नाही वहिनी, तो दोष कोणी तुमच्या माथी मारला तर ऐकून घेऊ नका. पण दादांची चिडचिड होते तेव्हा त्यांनी तासभर बागेत जावं, आणि "आयतं खातो" ऐवजी नेमकं काय हवं ते सांगावं, "संध्याकाळी पंप तू बंद कर." दादांनाही पोराचं वाईट वाटतंय, ते रागातून बाहेर येतंय एवढंच.

गणपतीचं. 18 माणसं, टाळ, फटाके, रात्रीची भजनं आणि जागरण, यात सगळ्यात घातक जागरण. त्याची झोपायची जागा आधीच ठरवा, माडी असो की शेजारच्या घरातली खोली, आणि तिथे बाकी कोणाची पथारी नको. आरतीला पाच मिनिटं उभा राहिला तरी पुरे, मधेच उठून गेला तर कोणी हाक मारायची नाही. "काय करतोस सध्या?" हा प्रश्न त्याला विचारायचा नाही हे भावोजींना मुंबईहून निघायच्या आधीच फोनवर सांगा. चुलत भावांनी त्याला दारूला बसवायचं नाही, हेही. मागच्या वेळी आजार चढताना आधी काय काय झालं ते आठवून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, झोप गेली, ताटाचा वास घ्यायला लागला, एकटाच हसला, जे तुमच्या घरी झालं असेल ते. त्यातलं काही सलग दोन दिवस दिसलं तर विसर्जनाची वाट बघू नका, फोन करा.

आणि डॉक्टरांची तारीख गणपतीच्या आधीची घ्या, दीड महिन्याच्या गोळ्या एकदम आणून ठेवा, त्या दिवसांत एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि घरातून तुम्हाला कोणी सोडणारही नाही.